मदत हवी आहे : जमिनीवर श्वास पुरतो, उभे राहिले की लांब वाक्य मध्येच तुटते

शेवंती_इंदूर
आमच्या मंडळात दहा दिवसांनी अभिवाचन आहे आणि एक कथा मला वाचायची आहे. गेले तीन आठवडे मी सतरंजीवर झोपून पोटाने श्वास घेण्याचा सराव करते आहे आणि तो मला व्यवस्थित जमतो. उभे राहून वाचू लागले की मात्र लांब वाक्याच्या शेवटी श्वास संपतो. कालच्या तालमीत शेवटचे शब्द पहिल्या रांगेपर्यंतही पोहोचले नाहीत. कृपया ‘सराव चालू ठेवा’ एवढेच सांगू नये, नेमके काय चुकते आहे ते सांगावे.

प्रभातफेरी
ताई, रोज सकाळी उपाशीपोटी कपालभाती करा, सुरुवातीला तीस आवर्तने पुरेत. मी अकरा वर्षे करतो आहे आणि आजही भजनात माझा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत टिकतो.

ध्वनियोजक_ग्वाल्हेर
शेवटचे शब्द पोहोचत नसतील, तर दोष बहुधा ध्वनिक्षेपकाचा असावा. तो हनुवटीच्या थोडा खाली आणि एक वीत अंतरावर ठेवावा, तोंडासमोर धरू नये.

शेवंती_इंदूर
तालमीत ध्वनिक्षेपक नव्हताच. श्वास संपतो, हे मी स्पष्ट लिहिले आहे.

वाचाउपचार_बडोदा
आपण बरेच गृहीत धरून लिहिले आहे, म्हणून विचारते. आपण झोपून नेमके काय करता? वाक्य कोणते आहे आणि ते कोणत्या शब्दाला तुटते? एका श्वासात ‘स्स्स्’ असा सलग आवाज किती सेकंद निघतो, हे झोपून आणि उभे राहून दोन्ही वेळा मोजून सांगावे. आवाज बसलेला असेल, तर तेही लिहावे.

शेवंती_इंदूर
आवाज बसलेला नाही. मी पाठीवर झोपते, गुडघे वाकवून तळपाय जमिनीवर टेकवते आणि डोक्याखाली दुमडलेला टॉवेल घेते. एक हात छातीवर आणि एक बेंबीवर ठेवून नाकाने श्वास घेते. वरचा हात जवळजवळ हलत नाही, खालचा वर येतो. असे दहा श्वास मी दिवसातून दोनदा घेते. वाक्य असे आहे : ‘त्या वर्षी पाऊस लांबला, तलावाचा तळ उघडा पडला आणि गावातल्या म्हाताऱ्या बायका जुन्या दुष्काळाच्या गोष्टी अशा सांगू लागल्या, की जणू त्या काल-परवाच घडल्या होत्या.’ मी ‘गोष्टी’ला अडकते. पूर्ण वाक्याला 11 ते 12 सेकंद लागतात. ‘स्स्स्’ झोपून 18 सेकंद आला आणि उभे राहून 16.

वाचाउपचार_बडोदा
मग हवा कमी पडत नाही, ती खर्च होण्याची पद्धत बिघडते आहे. जो माणूस 16 सेकंद ‘स्स्स्’ करू शकतो, त्याला 12 सेकंदांच्या वाक्यासाठी साठा अपुरा पडत नाही. बोलताना हवा अधिक सुटते हे खरे, पण वाक्य मध्यावरच अडकावे इतकी नाही.

झोपून जे जमते ते उभे राहून का जमत नाही, याचे एक कारण पोटाच्या वजनात आहे. पाठीवर झोपल्यावर पोटातले अवयव मागे व वर सरकतात आणि श्वास सोडताना श्वासपटलाला आपोआप वर ढकलतात. उभे राहिल्यावर तेच वजन खाली व पुढे लोंबते, त्यामुळे वाक्याच्या उत्तरार्धात पोटाच्या स्नायूंना स्वतः आत ओढण्याचे काम करावे लागते. आपला सराव फुकटच्या मदतीवर झाला आहे.

म्हणून जमिनीवरचाच दुसरा व्यायाम घ्यावा. तळहात खांद्यांखाली आणि गुडघे नितंबांखाली टेकवून चौपायी व्हावे, पाठ सपाट ठेवावी. श्वास घेताना पोट खाली सोडावे आणि ‘स्स्स्’ करताना बेंबी हळूहळू पाठीकडे ओढावी. एकदम झटका दिला, तर आवाज आधी फुगतो आणि मग कोसळतो, तो ऐकूनच चूक कळते. सहा श्वास झाले की बसून तेच करावे आणि मग भिंतीला पाठ टेकून उभे राहून. चक्कर आली, तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा.

प्रभातफेरी
कपालभातीतही पोटच आत जाते. मग माझा उपाय चुकीचा कसा?

वाचाउपचार_बडोदा
काका, त्याने पोटाचे स्नायू चपळ होतात हे मान्य आहे. परंतु त्यात श्वास सेकंदभरात झटक्याने बाहेर पडतो, आणि वाचनाला तोच श्वास दहा-बारा सेकंद पुरवून सोडायचा असतो. सुरुवातीला छाती भरलेली असताना श्वास घेणाऱ्या स्नायूंनी सोडण्याला लगाम घालावा लागतो, आणि तो लगाम कपालभातीत शिकवला जात नाही.

प्रभातफेरी
माझा अकरा वर्षांचा अनुभव वेगळे सांगतो.

तुकोगंजकर
माझ्या वडिलांना दमा आहे आणि जिना चढताना त्यांना धाप लागते. त्यांनी हाच व्यायाम करावा का?

वाचाउपचार_बडोदा
दम्यासाठी त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे, या धाग्यावरून ठरवू नये.

शेवंती_इंदूर
तीन दिवस चौपायी सराव केला. आता मी ‘अशा सांगू लागल्या’पर्यंत पोहोचते. आज मात्र कार्यक्रमाची कांजीवरम नेसून वाचले आणि पुन्हा ‘गोष्टी’ला अडकले. त्याच साडीत ‘स्स्स्’ फक्त 10 सेकंद आला!

माहेर_ग्वाल्हेर
परकराची नाडी कुठे आणि किती घट्ट बांधता हो? जड साडी घसरू नये म्हणून आपण बेंबीवर करकचून बांधतो, मग पोट पुढे येणार कुठून? मी निवेदन करताना ती कमरेच्या हाडावर बांधते आणि पोट भरून श्वास घेऊन मगच गाठ मारते.

वाचाउपचार_बडोदा
हा मुद्दा मी विचारायला हवा होता. गाठ मारल्यावर दोन बोटे आत जायला हवीत. तरीही पोट अडत असेल, तर हात खालच्या बरगड्यांवर ठेवून श्वास बाजूंना भरावा, तिथे साडीचा अडथळा कमी असतो.

एक शंका उरते. तळहात तोंडापासून चार बोटांवर धरून ‘त्या वर्षी’ म्हणावे आणि हाताला काय जाणवते ते पाहावे.

शेवंती_इंदूर
‘त्या’च्या आधीच गरम हवेचा झोत लागतो, जणू सुस्कारा टाकून मग बोलते आहे. खांदेही वर जातात. लांब वाक्य दिसले, की मी आधीच छाती गच्च भरून घेते.

वाचाउपचार_बडोदा
गळती तिथेच आहे. गच्च भरलेली छाती स्वतःच्या ताणाने जोरात रिकामी होऊ पाहते आणि पहिल्या दोन शब्दांतच बरीच हवा निघून जाते. श्वास सहज भरेल इतकाच घ्यावा, तो रोखून धरू नये, आणि श्वास वळताक्षणी ‘त्या’ उच्चारावा. हे आधी झोपून दहा वेळा करावे. तिथे झोत गेला की चौपायी, मग उभ्याने. वाक्य रोज एकेका तुकड्याने वाढवावे : ‘लांबला’पर्यंत, मग ‘पडला’पर्यंत, मग ‘बायका’पर्यंत.

अक्षरवेल
इतका आटापिटा कशासाठी? ‘पडला’नंतर लेखकानेच विसावा ठेवला आहे. तिथे अर्धा श्वास घ्यावा, श्रोत्यांना तो कळतही नाही.

शेवंती_इंदूर
दिग्दर्शकांना हे वाक्य एका दमातच हवे आहे. त्यांच्या मते श्वास घेतला, तर म्हाताऱ्यांच्या गप्पांचा ओघ तुटतो.

अक्षरवेल
मग दिग्दर्शकांनी स्वतः एकदा नाडी बांधून ते वाचून पाहावे.

वाचाउपचार_बडोदा
अक्षरवेल यांचे म्हणणे मला पटते. कार्यक्रमापूर्वी एका दमात जमले तर उत्तम, पण संहितेत ‘पडला’नंतर पेन्सिलीने खूण करून ठेवावी. घसा आवळून शेवट ओढण्यापेक्षा तो श्वास बरा.

शेवंती_इंदूर
आज सैल नाडी आणि झोत न सोडता वाचले. तीनपैकी एकदा ‘घडल्या होत्या’पर्यंत पोहोचले, दोनदा ‘काल-परवाच’ला आवाज चिरकला. पेन्सिलीची खूण केली आहे. दिग्दर्शकांना अजून सांगितलेले नाही.