फिल्ड ऑफिसरचा बायोडेटा: विक्रीची एक ओळ की पिकांची दोन पानं?

मरोळची एचआर:
पीकसंरक्षण औषधांच्या कंपनीसाठी नाशिकला ग्रामीण विक्री अधिकारी हवाय. निफाड, दिंडोरी, चांदवड. द्राक्ष, कांदा, टोमॅटो. आज परभणीच्या एका बीएस्सी ॲग्रीचा बायोडेटा आला, हिंगोली-वसमत भागात फिल्ड ऑफिसर आहे. दोन पानं भरून हळदीचा करपा, बोंडअळी, कामगंध सापळे, शेतकरी मेळावे. विक्रीची एकच ओळ: '२०२३ खरीप, ४८ लाखांवरून ७२ लाख, ५० टक्के वाढ.' मी तेवढी ओळ बघून त्याला शॉर्टलिस्ट केलं. बाकीचं कॉलेजचं जर्नल वाटतं. विक्रीची नोकरी मागताना ही मुलं पीकपाणी का लिहीत बसतात?

बांधावरून ठाण्यात:
मॅडम, राग मानू नका, पण दोन पानांत सगळ्यात बिनभरवशाची ओळ होती ती तुम्ही उचललीत आणि कामाची होती ती जर्नल म्हणून बाजूला टाकलीत. माझा जन्म या धंद्यात गेला, त्यामुळे जरा लांबण लागेल.

७२ लाख म्हणजे काय? बहुतेक वेळा ते डिस्ट्रिब्युटरच्या नावावर फाडलेलं बिल असतं. माल कंपनीच्या डेपोतून निघून त्याच्या गोडाऊनला गेला, एवढंच त्यातून कळतं. तिथून कृषी सेवा केंद्रात गेला का, आणि तिथून शेतकऱ्याच्या पंपात पडला का, हे त्या आकड्यात नाही. खरिपाचा माल एप्रिल ते जूनमध्ये भरतात आणि न खपलेला ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत येतो. ५० टक्के वाढ दाखवायची तर मे महिन्यात दोन डिस्ट्रिब्युटरना स्कीमचं गाजर दाखवलं की काम झालं.

त्याला फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा. दोन्ही वर्षी सेल्स रिटर्न किती आला, आणि परत आलेल्या मालात कोणतं औषध होतं. दुसरा प्रश्न विसरू नका.

मेळाव्यांचंही तेच. गावात मंडप टाकून चहा-भजी दिली की दीडशे माणूस जमतो आणि बॅनरसमोर फोटो निघतो. मी डेमोबद्दल विचारायचो. डेमो प्लॉटमध्ये दोन-चार ओळी आपलं औषध न मारता सोडायच्या असतात, फरक दिसावा म्हणून. आता रोग वाढताना बघून कोणता शेतकरी त्या ओळी मरू देईल? साहेब गेले की संध्याकाळी तो तिथेही पंप फिरवतो. ज्याने खरंच डेमो घेतलेत त्याच्याकडे हा किस्सा असतोच, आणि पुढच्या वेळी त्याने काय केलं हेही असतं. कोणी कडेच्या ओळींची भरपाई आधीच ठरवतो, कोणी दोन भावांची वाटणी झालेलं रान निवडतो. ज्याने फक्त फोटो काढले तो म्हणतो, 'सर, रिझल्ट एकदम छान आला.'

घाटकोपर सेल्स:
काका, अनुभवाचा आदर आहे, पण मी साबण-शॅम्पू विकतो आणि आमच्याकडे नियम साधा आहे. परत आला तो माल विकलाच नाही. कोणतं औषध परत आलं याच्याशी काय देणंघेणं? नेट आकडा बघा, संपलं. बाकी सगळ्या सबबी.

बांधावरून ठाण्यात:
नेट बघायचा हे बरोबर. पुढचं चूक. पाऊस पडला नाही म्हणून घाटकोपरचा माणूस अंघोळ थांबवत नाही. २०२३ चा ऑगस्ट आठवतोय? १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. पानं ओलीच राहिली नाहीत तर बुरशी येणार कुठून आणि बुरशीनाशक घेणार कोण? उलट सप्टेंबरात सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, म्हणजे पांढऱ्या माशीचं औषध खपायला हवं होतं. त्या वर्षी बुरशीनाशक परत आलं असेल तर आभाळाकडे बघा. पांढऱ्या माशीचं परत आलं असेल तर माणसाकडे बघा.

एएफओची तयारी, ठाकुर्ली:
सर, इंटरव्ह्यूला पण हेच विचारतात का? माझी आयबीपीएसची मेन्स झालीय. बायोडेटा इंग्रजीत हवा की हिंदी चालतो?

मरोळची एचआर:
तुम्ही बँकेच्या ॲग्रिकल्चर फिल्ड ऑफिसरबद्दल बोलताय, तिथे पीककर्ज वाटायचं असतं. इथे औषध विकायचंय. शुभेच्छा.

दुकानदाराचा पोरगा, कांदिवली:
औषध 'विकायचंय' हे वाचून हसू आलं. माझ्या वडिलांचं तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. एक साहेब (कंपनी सांगत नाही) मार्चच्या शेवटच्या आठवड्यात यायचे. 'अण्णा, टार्गेटला थोडं कमी पडतंय, बिल फाडू द्या, एप्रिलमध्ये परत घेतो.' वडिलांनी ओळखीखातर माल उतरवून घेतला. एप्रिलमध्ये साहेबांची बढती होऊन बदली झाली. नवे साहेब म्हणाले, मला याची कल्पना नाही. खोकी तशीच पडून राहिली आणि मुदत संपली. मुदत संपलेलं औषध विक्रीच्या मालात ठेवता येत नाही, तपासणीला आलेल्या कृषी अधिकाऱ्यांनी तीच खोकी बघून नोटीस दिली. क्रेडिट नोट अजून 'प्रोसेसमध्ये' आहे. त्या साहेबांच्या बायोडेटात ते बिल 'वाढ' म्हणूनच लागलं असणार ना?

घाटकोपर सेल्स:
मग अण्णांनी माल घेतलाच का? सही कोणी केली?

दुकानदाराचा पोरगा, कांदिवली:
जूनमध्ये चालणाऱ्या बियाण्याची पाकिटं त्याच माणसाच्या हातात असतात म्हणून घेतला! 'हे घेतलं नाही तर ते मिळणार नाही' हे कोणी कागदावर लिहून देत नाही. एसी दुकानात शॅम्पूच्या पुड्या लटकवणाऱ्याला काय कळणार.

घाटकोपर सेल्स:
उन्हात मीही फिरतो, तोंड सांभाळून. आणि मार्च एंडला माल ढकलणं फक्त शेतीत होतं असं समजू नका. आमच्याकडे दर महिन्याच्या तीस तारखेला तेच चालतं.

दुकानदाराचा पोरगा, कांदिवली:
म्हणजे 'परत आला तो विकलाच नाही' हे तुम्ही तीस तारीख सोडून बाकी दिवशी पाळता तर. अभिनंदन.

वाशी मार्केट:
भांडा, पण नाशिकचा मुद्दा कोणी बोलतच नाहीये. मी द्राक्षाचा माल बघतो, म्हणून सांगतो. हळद-सोयाबीनवाला माणूस दिंडोरीत उभा राहणार कसा? तिथला बागायतदार साहेबाला शिकवतो. निर्यातीचा माल असेल तर पहिला प्रश्न हाच येतो: हे ॲनेक्शर-५ च्या औषधयादीत आहे का, आणि तोडणीच्या किती दिवस आधी बंद करायचं? २०१० मध्ये क्लोरमेक्वॅटचा अंश सापडला म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, त्याचा मार तिथल्या लोकांच्या लक्षात आहे. चुकीचं औषध सुचवणारा साहेब पुढच्या वर्षी गावात दिसत नाही. शिवाय सीझन वेगळा. गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी रोगासाठी रात्री दहाला फोन येतात. हिंगोलीचा माणूस त्या वेळी खरिपाचा परतीचा माल मोजत असतो.

बांधावरून ठाण्यात:
हा मुद्दा मान्य करावा लागतो, आणि मला तो आवडलेला नाही. तरी एक सांगतो. मॅडम, त्याने बायोडेटात द्राक्षाचं नाव घातलंय का?

मरोळची एचआर:
नाही. हळद, सोयाबीन, कापूस, तूर. पानभर हळदच आहे: कंदकूज, पाण्याचा निचरा, बेणेप्रक्रिया, वसमतच्या आजूबाजूच्या गावांतले डेमो. दुसऱ्या एका उमेदवाराने द्राक्षापासून स्ट्रॉबेरीपर्यंत चौदा पिकं लिहिलीत, 'सखोल ज्ञान' म्हणून.

बांधावरून ठाण्यात:
चौदा पिकांच्या सखोल ज्ञानाला माझा लांबूनच नमस्कार. कंदकूज दिसल्यावर आधी निचऱ्याबद्दल बोलणारा माणूस मला हवा. कारण पाणी साचलेल्या रानात नुसतं बुरशीनाशक ओतून कूज थांबत नाही, आणि हे कबूल केलं की त्या दिवशीची विक्री जाते. ती सोडायची तयारी ज्याची आहे त्याला शेतकरी पुढच्या वर्षी स्वतःहून फोन करतो. डाऊनी एका हंगामात शिकता येते.

वाशी मार्केट:
तो एक हंगाम कोणाच्या बागेवर शिकणार? बागायतदाराच्या ना? एकरी खर्च किती असतो माहीत आहे ना तुम्हाला?

मरोळची एचआर:
फोन केला. रिटर्नचं विचारल्यावर मुलगा गप्प होईल असं वाटलं होतं, पण त्याने वही काढून वाचूनच दाखवलं. आदल्या वर्षी ४८ मधले ३ लाख परत, म्हणजे नेट ४५. २०२३ ला ७२ मधले १५ परत, नेट ५७. वाढ २७ टक्क्यांच्या आसपास. पन्नास का लिहिलं विचारलं, तर म्हणाला, 'मॅडम, नेट लिहिलं तर तुमच्याकडून फोन येत नाही.' यावर मी काय बोलणार होते?

परत आलेल्या १५ पैकी ११ लाखांचं बुरशीनाशक. पांढऱ्या माशीचं औषध जवळपास सगळं खपलं. काका, तुमचं आभाळ जिंकलं, पेढे घ्या.

घाटकोपर सेल्स:
थांबा, पेढे नंतर. पाऊस ऑगस्टमध्ये गेला, माल मेमध्ये भरला. आदल्या वर्षी सगळं मिळून तीनच लाख परत आले होते, मग या वर्षी एवढं बुरशीनाशक मेमध्येच का कोंबलं? निम्मं भरून बाकीचं जुलैअखेर पाठवता आलं नसतं का?

बांधावरून ठाण्यात:
हे मात्र बरोबर बोललात. साबणवाल्याकडून ऐकावं लागतंय, चला. दोन हप्त्यांत माल भरणं शक्य असतं. पण मेच्या बिलावर स्कीम असते, जुलैच्या बिलावर नसते. हे त्याने ठरवलं की त्याच्या एरिया मॅनेजरने, तेही विचारा. आणि ३१ मार्चला बाजारात उधारी किती अडकली होती? तुमच्या जाहिरातीत वसुलीची जबाबदारी आहे ना?

मरोळची एचआर:
आहे. आणि 'स्वतःची दुचाकी आवश्यक' पण आहे, त्यावरून कोणी सुरू होऊ नका. उधारी १९ लाख होती, त्यातले १३ लाख एकाच डिस्ट्रिब्युटरकडे. तो डिस्ट्रिब्युटर बदलायचं पत्र याने आधीच दिलं होतं असं म्हणतो. पत्र मागवलंय.

दुकानदाराचा पोरगा, कांदिवली:
पत्र बघाच. शिवाय त्याच्या भागातल्या दोन दुकानांना फोन लावा, डिस्ट्रिब्युटरना नको. विचारा, एप्रिलमध्ये हा माणूस परतीचा माल उचलायला येतो का. दुकानदार ते खरं सांगेल, कारण त्याचा पैसा त्यात असतो.

मरोळची एचआर:
लावते. आमच्या सेल्स हेडना मात्र अजून नाशिकचाच मुलगा हवाय, त्यांचं वाशी मार्केटशी शंभर टक्के जुळतं. तो चौदा पिकांवालाही गुरुवारी येतोय, त्याच्याकडूनही दोन वर्षांचा रिटर्न औषधवार मागितलाय. त्याने उलट विचारलं, 'मॅम, तो कशाला?'

वाशी मार्केट:
चौदावाल्याला मीही घेणार नाही. पण परभणीवाल्याला घेतलंत तर पहिली गोडी छाटणी कोणाच्या तरी हाताखाली काढू द्या. एकट्याला दिंडोरीत सोडू नका.

बांधावरून ठाण्यात:
आणि त्या वर्षी त्याला टार्गेट कोण माफ करणार, तुम्ही?