मदत हवी आहे : पोलीस स्टेशनमध्ये पाकीट हरवल्याचा संवाद (मराठी शिकणाऱ्यांसाठी) तपासून द्याल का?

सई_कोथरूड

नमस्कार मंडळी. आमच्याकडे अमराठी नोकरदारांचा मराठी वर्ग चालतो. या गटाला साधा भूतकाळ येतो, '-ला, -त, -हून' लावता येतं, पण बोलायला लागले की लिंग आणि वचन घसरतं. पुढचा धडा असा आहे: कात्रजहून स्वारगेटला येणाऱ्या पीएमपीच्या बसमध्ये पाकीट हरवलं, स्वारगेटच्या पोलीस स्टेशनला जाऊन सांगायचं. कच्चा मसुदा देते.

पोलीस : काय झाले?
अर्जदार : मी माझे पाकीट हरवले. कोणीतरी चोरले असेल.
पोलीस : कधी हरवले?
अर्जदार : पाच वाजून तीस मिनिटांनी, बसमध्ये.
पोलीस : पाकिटात काय होते?
अर्जदार : पैसे आणि कार्डे होते.
पोलीस : ठीक आहे, मी एफआयआर लिहितो. आम्ही तुमचे पाकीट शोधू.
अर्जदार : धन्यवाद.

वाचताना हे खोटं वाटतंय. तिथे खरंच काय विचारतात? एफआयआर होते का? आणि कोणती वाक्यं पाठ करून घ्यावीत?

तात्या_सिंहगडरोड

ताई, आधी बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि कार्ड ब्लॉक करा, पोलीस नंतर. ब्लॉक केल्यावर तक्रार क्रमांक देतात, तो वेळेसकट लिहून ठेवा. आधारची काळजी नको, ते पुन्हा डाउनलोड होतं. पीएमपीचं तिकीट असेल तर फेकू नका. ते घेऊन स्टँडवरच्या कंट्रोलरला विचारा, कंडक्टरला पाकीट सापडलं तर तो तिकडेच जमा करतो.

सई_कोथरूड

तात्या, पाकीट माझ्याजवळच आहे, धड्यातलं हरवलंय :) पण 'कार्ड ब्लॉक केलं का?' हा प्रश्न पोलिसाच्या तोंडी घालते.

शनिवारकर

मसुद्यात सगळ्यात घातक ओळ 'कोणीतरी चोरले असेल' ही आहे. हरवणं हा गुन्हा नाही, चोरी हा गुन्हा आहे. समोरचा अंमलदार पहिल्या दोन मिनिटांत एवढंच ठरवत असतो की हे प्रकरण कुठल्या बाजूला टाकायचं. 'असेल' म्हटलं की तो विचारणार, "हरवलं का चोरीला गेलं? नक्की सांगा." तुमचा विद्यार्थी तिथे अडकणार, कारण त्याला खरंच माहीत नसतं. त्याला प्रामाणिक उत्तर शिकवा: "कुठं पडलं ते कळलं नाही. कोणी काढून घेताना मी पाहिलं नाही." उलट खिसा ब्लेडने कापलेला असेल, किंवा कोणी धक्का मारून पळाला असेल, तर तेच ठामपणे सांगायचं. काम लवकर उरकतं म्हणून चोरीचं 'हरवलं' करून घेऊ नये. नंतर त्याच कार्डावरून पैसे गेले तर आपल्याच सहीचा कागद आडवा येतो.

नुसतं हरवलं असेल तर एफआयआर होत नाही. दारातून आत गेल्यावर ठाणे अंमलदाराचं टेबल असतं, तिथे सांगायचं. तो लेखी अर्ज मागतो, गहाळ वस्तूची नोंद करतो आणि दाखला देतो. अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे, विषय 'पाकीट गहाळ झाल्याबाबत'. दोन प्रती न्याव्यात. एक त्यांच्याकडे राहते, दुसरीवर सही-शिक्का घेऊन परत आणायची. लोक ही दुसरी प्रत विसरतात आणि मग हातात काहीच राहत नाही. अर्जात कार्डाचे शेवटचे चार आकडे पुरतात. पूर्ण क्रमांक किंवा मागचे तीन आकडे कोणत्याही कागदावर लिहू नयेत.

पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर लॉस्ट अँड फाउंडची सोय आहे. नुसत्या हरवण्याला तिथे घरबसल्या नोंद होते. चोरीसाठी तो रस्ता नाही.

विक्रांत_एल

एफआयआर होत नाही असं सरसकट कसं? १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते. 'आमची हद्द नाही' असं सांगून परत पाठवताच येत नाही. झिरो एफआयआर म्हणतात. संवादात ते वाक्य घालाच.

शनिवारकर

कलम बरोबर, प्रसंग चुकला. १७३ दखलपात्र गुन्ह्याच्या माहितीसाठी आहे. पाकीट सीटखाली पडलं तर गुन्हाच नाही, मग झिरो तरी कशाचा? शिकाऊ माणसाने हरवलेल्या पाकिटासाठी कलम ऐकवलं तर टेबलामागचा माणूस फक्त मान वर करून बघेल.

हद्दीचा प्रश्न मात्र संवादात हवाच, कारण तो येतोच. कात्रजहून निघालेली बस भारती विद्यापीठ, सहकारनगर, मग स्वारगेट अशा हद्दींतून येते. म्हणून ते विचारतात, "लक्षात कुठं आलं?" याचं उत्तर एका ठिकाणाचं हवं. "बसमध्ये कुठंतरी" म्हटलं की तुम्हाला मागच्या पोलीस स्टेशनला जायला सांगण्याची वाट मोकळी होते. "स्वारगेटला उतरल्यावर लक्षात आलं" हे खरं असेल तर तेच आधी सांगावं.

रेवती_शुद्धमराठी

आता भाषेकडे. 'मी पाकीट हरवले' यात दोष आपल्या माथी येतो. बोलताना लोक 'माझं पाकीट हरवलं' म्हणतात, आणि शिकणाऱ्याला तेच सोपं, कारण क्रियापद पाकिटाप्रमाणे चालतं. 'कार्डे होते' चूक, कार्डं होती. पाकिटातल्या वस्तूंची यादी हाच लिंग-वचनाचा सराव करून घ्या: दीड हजार रुपये होते, लायसन्स होतं, दोन कार्डं होती, एक किल्ली होती. चार वस्तूंत तीन रूपं येऊन जातात. 'होती' दोनदा येते, पण कार्डं अनेक आणि किल्ली एक, हे फळ्यावर दाखवा.

'पाच वाजून तीस मिनिटांनी' रेल्वेच्या घोषणेत शोभतं. साडेपाच, सव्वापाच, पावणेसहा, आणि पैशांत दीड हजार, अडीच हजार. बोलता नाही आलं तरी ऐकून कळलंच पाहिजे, कारण अंमलदार 'पावणेसहाला का?' असंच विचारणार. इथे फसतात ते 'पावणे'पाशी. पावणेसहा ऐकून सहा लिहिणारे पुष्कळ असतात.

आणि पोलीस 'काय झाले?' म्हणत नाही. 'काय झालं?' किंवा नुसतं 'बोला'.

सई_कोथरूड

सगळ्यांचं घालून पुन्हा लिहिलंय. अर्जदार बाई, अंमलदार पुरुष.

अंमलदार : बोला, काय काम आहे?
अर्जदार : नमस्कार साहेब. माझं पाकीट हरवलं आहे. नोंद करायची होती.
अंमलदार : बसा. हरवलं का चोरीला गेलं?
अर्जदार : कुठं पडलं ते कळलं नाही. कोणी काढून घेताना मी पाहिलं नाही.
अंमलदार : शेवटचं कधी पाहिलं?
अर्जदार : कात्रजला तिकीट काढलं तेव्हा हातात होतं. साडेपाच वाजले होते.
अंमलदार : आणि लक्षात कुठं आलं?
अर्जदार : इथं स्वारगेटला उतरल्यावर. पर्स उघडली तर पाकीट नव्हतं.
अंमलदार : म्हणजे पावणेसहाला?
अर्जदार : नाही, सहा वाजून गेले होते. रस्त्यात गर्दी होती.
अंमलदार : पाकीट कसं होतं?
अर्जदार : छोटं, तपकिरी, चामड्याचं. एका बाजूची चेन तुटलेली आहे.
अंमलदार : आत काय काय होतं?
अर्जदार : दीड हजार रुपये होते, लायसन्स होतं, बँकेची दोन कार्डं होती.
अंमलदार : कार्ड ब्लॉक केलं का?
अर्जदार : हो, दोन्ही केली. तक्रार क्रमांक लिहून आणलाय.
अंमलदार : अर्ज लिहून द्या. ओळखपत्राची झेरॉक्स आणलीय?
अर्जदार : आधार मोबाइलमध्ये आहे. झेरॉक्स जवळ कुठं मिळेल?
अंमलदार : बाहेर, रस्त्यापलीकडे. दोन प्रती आणा.
अर्जदार : साहेब, जरा हळू सांगता का? मी मराठी शिकतेय.
अंमलदार : अर्जाच्या… दोन… प्रती.
अर्जदार : कळलं. एका प्रतीवर सही-शिक्का मिळेल ना?
अंमलदार : मिळेल. या घेऊन.

पाठ करायच्या वाक्यांत मी 'नोंद करायची होती', 'तेव्हा हातात होतं', 'उतरल्यावर लक्षात आलं', 'जरा हळू सांगता का?' आणि 'सही-शिक्का मिळेल ना?' एवढीच ठेवतेय.

रेवती_शुद्धमराठी

छान. 'नोंद करायची होती' मधला 'होती' सोडू नका. मागणं आत्ताचं, रूप भूतकाळाचं, म्हणून ऐकायला मऊ. वर्गात यावर प्रश्न येणार, तयारीत राहा. टेबलाशी बाई असतील तर 'साहेब'च्या जागी 'मॅडम' घालून एकदा म्हणून घ्या.

शनिवारकर

तुटलेली चेन उत्तम. सापडलेल्या चार तपकिरी पाकिटांतून आपलं ओळखायला अशीच खूण लागते. एक भर घाला: दाखला हातात आल्यावर नाव आणि तारीख तिथेच वाचायची. नावात 'श'चा 'स' झाला तरी लायसन्सची दुसरी प्रत काढताना अडतं. "साहेब, नावात चूक आहे, दुरुस्त करून मिळेल का?" हे वाक्य अमराठी आडनावांना हटकून लागेल.

विक्रांत_एल

हरवण्याचं मान्य. पण खिसा कापलाच असेल आणि आत दीड हजारच असतील तर? ₹५,००० च्या आतली चोरी नव्या परिशिष्टात अदखलपात्र धरली आहे ना?

शनिवारकर

ती ओळ आहे. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मधली ती सवलत पहिल्यांदा दोषी ठरलेल्या आणि वस्तू परत करणाऱ्या माणसासाठी आहे. चोरच सापडला नसताना हे टेबलाशी कसं ठरवायचं, यावर वाद होऊ शकतो. धड्यात नका आणू.

तात्या_सिंहगडरोड

सगळं ठीक, पण तुमच्या बाईंनी तोंड उघडलं की साहेब हिंदीत सुरू होणार. मग मराठी कशी पुढे न्यायची?

सई_कोथरूड

"साहेब, मराठीतच बोला, मला कळतं." हे घालू का? का त्या टेबलाशी ते आगाऊ वाटेल?