मदत हवी आहे: अंधार पडला की गेटचा कॅमेरा बंद, पीओई स्विच बदलू का?

मळेकरी: दिंडोरीजवळ आमचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. सात बुलेट कॅमेरे आणि गेटवर एक फिरता, असे आठ बसवलेत. स्विचला पीओईचे आठ पोर्ट, खोक्यावर ‘एकूण ६५ वॅट, एका पोर्टला ३०’ असं छापलंय. दिवसा सगळं झकास. सात वाजले की गेटचा कॅमेरा जातो, दोन मिनिटांनी येतो, परत जातो. तिथपर्यंत केबल १२० मीटरच्या आसपास. बसवणारा म्हणतो कॅमेराच खराब. बदलून घेऊ?

वायरवाला: केबल लांब आहे भाऊ. १०० मीटरच्या पुढे वीज पोचत नाही. मध्ये एक्स्टेंडर टाका, विषय संपला.

सिडकोकर: माझा घरचा वायफाय कॅमेराही रात्री असाच जायचा. राउटर बदलला, तेव्हापासून ठीक.

रॅकवाले काका: सिडकोकर, त्यांचा कॅमेरा वायफायवर नाही हो.

मळेकरी, वीज पोचत नसती तर दिवसाही कुरकुर झाली असती. रात्री इन्फ्रारेड दिवे लागतात, तिथे वॅट चढतात. डेटाशीटवरचा कमाल आकडा बघा. बुलेट ९ वॅट आणि फिरता २० धरला, तर सात नव्वे त्रेसष्ट आणि वर २०, झाले ८३. स्विचकडे आहेत ६५. मग तो कमी प्राधान्याचा पोर्ट तोडतो, बहुधा शेवटच्या नंबरचा. गेट आठव्यावर आहे का? एक्स्टेंडर लावलात तर तोही त्याच ६५ मधून खाणार.

आज रात्री तीन बुलेट काढून ठेवा. ५६ वर बेरीज येते. गेटचा टिकला तर कॅमेरा निर्दोष.

मळेकरी: आठव्यावरच होता! तीन काढले, रात्रभर बंद पडला नाही. पण चित्र मध्येच गोठतं.

रॅकवाले काका: ते मात्र लांबीचं दुखणं. १०० मीटर ही मुळात डेटाची हद्द आहे, आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डही त्यातच धरायच्या. वाटेत शेड असेल तर तिथे छोटा पीओई स्विच ठेवा, वीज शेडमधूनच द्या. गेटचा भार मुख्य स्विचवरून उतरेल आणि केबलचे दोन तुकडे होतील. तरी उरलेले ६३ म्हणजे काठावरच, म्हणून मुख्य स्विच १२० वॅटचा घ्या. नुसते पोर्ट मोजून स्विच घेऊ नका.

वायरवाला: काही स्विचवर एक्स्टेंडचं बटण असतं, २५० मीटर जातं.

रॅकवाले काका: जातं, पण वेग १० एमबीपीएसवर येतो. फिरत्या कॅमेऱ्याची मेन स्ट्रीम जड असली तर परत गोठेल. आणि केबलची एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्यात वीज जास्त गळते, मग माझं गणितही डळमळतं.

मळेकरी: मधे ग्रेडिंगची शेड आहे, पण तिथली लाइट रात्री बऱ्याचदा जाते. तार उद्या खरवडून सांगतो.