घरकामाला येणाऱ्या मावशींना ‘तू’ की ‘तुम्ही’?

ठाणेकर आई: आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी पन्नाशीच्या आहेत. माझा नऊ वर्षांचा मुलगा त्यांना ‘मावशी, तू पोळी वाढ ना’ म्हणतो. मी टोकलं, तर सासूबाई म्हणाल्या, “माझ्या बहिणीलाही तो तूच म्हणतो, तेव्हा नाही टोकलंस!” मुलाला ‘तुम्ही’ची सवय लावावी का?

कऱ्हाडकडचा: सासूबाईंचं बरोबर आहे. आमच्याकडे आई, आजी, चुलती, सगळ्यांना तूच. शेतात रोजानं येणाऱ्या बायकांनाही आम्ही लहानपणापासून ‘ए काकू’ म्हणत आलो. त्याही आम्हाला ‘काय रे पोरा, लई शाना झालास व्हय’ म्हणून झापायच्या. ‘तुम्ही’ लावलं की माणूस परकं होतं. उगाच शहरी शिष्टाचार पोराच्या गळ्यात घालू नका.

निवृत्त भाषाशिक्षिका: कऱ्हाडकर, तुमच्या काकू तुम्हाला उलट ‘काय रे’ म्हणत होत्या, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. ‘तू’ दोन्ही बाजूंनी जात असेल तर ते जवळिकीचं. एकाच बाजूनं जात असेल आणि समोरून ‘तुम्ही’च येत असेल, तर ते पायरीचं. ब्राउन आणि गिलमन या अमेरिकी अभ्यासकांनी 1960 साली युरोपातल्या भाषांबद्दल हेच मांडलं होतं, आणि ते मराठीला चपखल लागू पडतं.

ठाणेकर, आता तुमच्या घरातल्या दोन मावश्या पाहू. आजीची बहीण तुमच्या मुलाला तू म्हणते, कान पिळते. तुम्हालाही ती तूच म्हणत असणार आणि तुम्ही तिला ‘अहो मावशी’. कारण वयानं आणि नात्यानं ती वर आहे. स्वयंपाकाच्या मावशी तुमच्याहून मोठ्या असतील, तरी त्या तुम्हाला ‘ताई, तुम्ही’ म्हणत असणार. वय एक सांगतं आणि पगार दुसरं, आणि इथे पगार जिंकतो. मुलगा ‘मावशी’ हे नातं आणि ‘तू’ हा शब्द दोन्ही घरातूनच उचलतो. पण एक मावशी त्याला रागावू शकते, दुसरी रागावू शकत नाही, हे त्याला अजून कळत नाही. म्हणून सवय लावावी, असं माझं मत आहे.

कऱ्हाडकडचा: रोजानं येणाऱ्या काकूही आमच्या वडिलांना ‘तुम्ही’च म्हणायच्या, हे मान्य. पण पोरांशी त्यांचं वागणं बरोबरीचं होतं, हेही तितकंच खरं. लहान मुलाला पायरी कुठून कळणार?

धुणीभांडी करणारीचा मुलगा: कळते. माझी आई वीसेक वर्षं लोकांच्या घरी राबली. तिच्यासोबत मीही जायचो. माझ्याएवढी मुलं तिला ‘ए, माझा डबा धू’ म्हणायची, आणि मी त्यांच्या आईला ‘काकू, तुम्ही’ म्हणायचो. माझ्या आईनं मला तसंच बजावलं होतं.

एक सांगतो, समोर काय म्हणता यावर जाऊ नका. पुष्कळ घरांत तोंडावर ‘मावशी, तुम्ही’ असतं आणि फोनवर ‘आज बाई आली नाही गं, काहीतरी कारण सांगते नेहमीचं’. त्याच तोंडानं शाळेतल्या शिक्षिकांबद्दल ‘बाई आल्या नाहीत’ म्हणतात. आपल्या भाषेत माणूस समोर नसतानाही क्रियापदातून आदर दिसतो. ‘आली’ की ‘आल्या’, हे मुलं ऐकत असतात. मुलाला शिकवायचं तर आधी फोनवरचं बोलणं बदला. आणि आजोबांची गोष्ट सांगायलाच हवी. गावात वाड्यावरची शेंबडी पोरंसुद्धा त्यांना नाव तोडून, शेवटी ‘या’ लावून हाक मारायची, आणि त्यांनी हात जोडून ‘जी’ म्हणायचं. म्हणून एकतर्फी ‘तू’ मला गोड लागत नाही, कुणी कितीही प्रेमानं म्हणालं तरी.

नागपूरकर: सगळ्यात सोपं, ‘आपण’ म्हणा. आमच्याकडे हिंदीमुळे तोंडात बसलेलंच आहे.

निवृत्त भाषाशिक्षिका: ‘आपण’ भाषणात, पत्रात शोभतं. स्वयंपाकघरात ‘आपण पोळ्या करा’ म्हटलंत तर त्या दचकतील. शिवाय ‘आपण’ म्हणजे आपण सगळे, हा अर्थही सोबत येतो. प्रश्न नऊ वर्षांच्या मुलाचा आहे. ‘तुम्ही’ पुरे.

नवी सून होते तेव्हाची: थोडं वेगळं लिहिते. लग्नानंतर मला नवऱ्याला ‘अहो’ म्हणवेना आणि सासरी ‘अरे’ म्हणायची सोय नव्हती. तेव्हा मी एक युक्ती शोधली, तू-तुम्ही लागेल असं वाक्यच करायचं नाही. ‘जेवायचं ना?’, ‘किती वाजता यायचं होईल?’, ‘चहा झालाय.’ पहिलं वर्ष असंच काढलं. हा धागा वाचून लक्षात आलं की कामाच्या ताईंशीही मी तसंच बोलते. ‘उद्या लवकर यायचं हं’, ‘ओटा पुसायचा राहिला.’ तू म्हणायला जीभ रेटत नाही, तुम्ही म्हणायची सवय नाही. आता मला खटकतंय, कारण ‘यायचं हं’ हा शेवटी हुकूमच झाला. ‘उद्या लवकर याल का?’ असं विचारलं तर त्यांना ‘नाही जमणार’ म्हणायला जागा राहते.

निवृत्त भाषाशिक्षिका: हे फार नेमकं पकडलंत. काही ठिकाणी भाषाच ही सोय देते. ‘जा’, ‘खा’ ही आज्ञार्थी रूपं तूला आणि तुम्हीला सारखीच. ‘मावशी, जा’ यातून काहीच कळत नाही. मग ‘जा गं’ म्हणता की ‘जा हो’, त्यावर सगळं ठरतं.

स्टॉकहोमवासी: इथे 1960 च्या दशकाच्या शेवटी लोकांनी पदव्या टाकून एकमेकांना ‘दू’ म्हणजे तू म्हणायला सुरुवात केली. आरोग्य खात्याचा प्रमुख असो की सफाई कामगार, सगळे तू. आपणही सरसकट तू करून टाकूया.

धुणीभांडी करणारीचा मुलगा: ज्या दिवशी मावशी ठाणेकर ताईंच्या सासूबाईंना ‘ए, तू मीठ दे’ म्हणू शकतील, त्या दिवशी करू. तुमच्याकडे ‘दू’ खालून वरही गेलं. आपल्याकडे तू वरून खाली कायमचंच येत आलंय. तोपर्यंत सरसकट करायचंच असेल तर ‘तुम्ही’ करा.

ठाणेकर आई: मावशींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “बाळाचं तू मला लागत नाही, पण तुमच्या पाहुण्यांसमोर म्हणतो तेव्हा बरं नाही वाटत.” मुलाला आजपासून ‘तुम्ही’ सांगितलंय. दिवसातून दहादा विसरतो, मावशीच हसून सोडून देतात. आता दुसरी अडचण. त्या गावी गेल्या की त्यांची वीस वर्षांची भाची येते. तिला मी तू म्हणते. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे. तिलाही तुम्ही?

कऱ्हाडकडचा: आता अति होतंय. वयानं लहान असेल तर तूच. ‘तुम्ही’ म्हटलं तर तीच अवघडेल.

निवृत्त भाषाशिक्षिका: तुमच्या ऑफिसात वीस वर्षांची शिकाऊ मुलगी आली, तर पहिल्या दिवशी तिला काय म्हणता?

ठाणेकर आई: तुम्ही. मग तीच म्हणते, ‘मॅडम, मला तू म्हणा.’

निवृत्त भाषाशिक्षिका: मग भाचीलाही ते म्हणायची संधी द्या.

कऱ्हाडकडचा: ती ‘मला तू म्हणा’ असं तोंड उघडून म्हणेल, असं वाटतं तुम्हाला? मला नाही वाटत.