मदत हवी आहे: पार्श्वभूमी २५५, पण बुडाची सावली टिकवायची आहे

म्हापशात करवंटीच्या वाट्यांचे फोटो काढलेत, कटिंग बाहेरच्या एडिटरकडे आहे. मार्केटप्लेसला पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे आरजीबी तिन्ही २५५ हवी. पांढरा पेपर रोल वळवून लावला, मागचा लाइट एक स्टॉप जास्त ठेवला, तरी बुडाजवळचा कागद २३५च्या आसपास येतो. लेव्हल्सने तो २५५ वर ढकलला की सावलीही पुसली जाते आणि वाटी तरंगते. तयार ड्रॉप शॅडो गोल बुडाला खोटी दिसते (बघवत नाही).

मूळ सावली वेगळ्या मल्टिप्लाय लेयरवर ठेवून कडेला २५५ मध्ये विरवा, असं सांगणार आहे. रॉ फाइल्स आहेत, पुन्हा शूट शक्य नाही. सगळे नग सारखे दिसावेत म्हणून सावलीची रुंदी आणि सर्वांत गडद जागेचा आकडा सूचनेत किती लिहू?