रात्री पोटरीत गोळे येणे आणि मॅग्नेशियम

लेक: आईचे वय ६८ आहे आणि तिला रात्री पोटरीत गोळे येतात. रक्तातील मॅग्नेशियम १.९, म्हणजे नॉर्मल आले. तरीही भोपळ्याच्या बिया आणि सप्लिमेंट सुरू करावे का?

नीरजा: अवश्य करावे. शरीरातील मॅग्नेशियमचा एक टक्काही रक्तात नसतो, निम्म्याहून अधिक हाडांत असते. त्यामुळे अहवाल नॉर्मल आला तरी साठा रिता असू शकतो. स्नायू कॅल्शियममुळे आखडतो आणि त्या कॅल्शियमला आवर घालण्याचे काम मॅग्नेशियम करते, म्हणून ते कमी पडले की स्नायू सुटत नाही. गोळा येणे हीच कमतरतेची खूण आहे.

निवृत्त फिजिशियन: साठ्याविषयीचे तुमचे म्हणणे बरोबर आहे, मात्र शेवटचे वाक्य मला मान्य नाही. वृद्धांच्या अशा गोळ्यांवर मॅग्नेशियमचा उपयोग होण्याची शक्यता कमीच आहे, असे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले. खरी कमतरता आधी भूक मंदावणे, मळमळ आणि थकवा अशी येते, पुढे बोटांना मुंग्या, थरथर आणि हृदयाचे अनियमित ठोके दिसतात.

माझ्या वॉर्डात एक बाई होत्या. ॲसिडिटीची ओमेप्राझोल आणि लघवी वाढवणारी गोळी त्या चार वर्षे घेत होत्या. तीन दिवस पोटॅशियम देऊनही ते वाढेना. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर फुगवून ठेवल्यावर मिनिटाभरात त्यांचे मनगट वळले आणि बोटे ताठ होऊन जवळ आली. मॅग्नेशियम ०.९ निघाले, या दोन्ही गोळ्यांनी ते घटते. ते कमी असले की मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवत नाही आणि कॅल्शियमही घसरते. शिरेतून मॅग्नेशियम दिल्यावरच बाकीचे जागेवर आले. म्हणून मी आधी औषधांची यादी विचारतो आणि क्रिएटिनीन पाहतो, कारण मूत्रपिंड अधू असेल तर सप्लिमेंट अंगात साचते.

परसबाग: मी लाल भोपळ्याच्या बिया धुऊन, वाळवून, सालीसकट भाजून खाते आणि माझे गोळे महिनाभरात थांबले. पालकही रोज असतो, फक्त उकळून पाणी ओतून देते.

निवृत्त फिजिशियन: गोळे आपोआपही थांबतात, त्यामुळे श्रेय बियांना देता येत नाही. सोललेल्या हिरव्या बियांच्या २८ ग्रॅममध्ये सुमारे १५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते, सालीसकट बियांत त्याच्या निम्मेच. तेवढ्याच बदामांत ८० मिळते. पालकाचे पाणी मात्र ओतू नका, त्यातून मॅग्नेशियम निघून जाते. आयसीएमआरने २०२० मध्ये स्त्रियांसाठी दिवसाला ३७० मिलिग्रॅम सांगितले होते. तेव्हा बिया जरूर खा. माझा आक्षेप न तपासता घेतलेल्या सप्लिमेंटला आहे.

नीरजा: आढावा मान्य आहे, पण त्या वृद्धांपैकी कितीजणांचा साठा खरोखर कमी होता, हे कुणी मोजले? रक्ताचा आकडा ते सांगत नाही. माझी शंका कायम आहे.

लेक: आई दोन वर्षांपासून रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेते. हे मी प्रश्नात लिहिलेच नव्हते.