मदत हवी आहे: रब्बी ज्वारीचे पोटरीतले पाणी डिग्री डेवरून कधी द्यावे?

माणदेशी_रान: मंगळवेढ्याजवळच्या आमच्या रानात ज्वारी आहे. रोजच्या कमाल आणि किमान तापमानाच्या सरासरीतून आधार तापमान वजा करून केलेली बेरीज, म्हणजे डिग्री डे, आज 675 झाली आहे. शेजाऱ्यांच्या रानात गेल्या वर्षी 800 ला पोटरी आली होती. विहिरीत एकाच पाण्यापुरता साठा आहे. आणखी किती थांबावे, हे कृपया लवकर सांगावे.

भीमाकाठ: एकच पाणी असेल तर ते पेरणीनंतर 50 ते 55 दिवसांनी द्यावे, अशी शिफारस आहे. त्यासाठी बेरजा करण्याची गरज नाही.

नोंदवही: पेरणी वेळेवर झाली असेल तर ती शिफारस योग्यच आहे; उशिराच्या पेरणीला मात्र थंडी लवकर गाठते आणि तेवढ्याच दिवसांत पीक कमी वाढते. माणदेशी, पेरणीची तारीख, वाण आणि सरासरीतून वजा केलेले आधार तापमान, म्हणजे ज्याखाली पीक वाढत नाही असे धरतात ते, या तिन्ही गोष्टी आपण लिहिलेल्या नाहीत.

माणदेशी_रान: पावसामुळे पेरणी 25 ऑक्टोबरला झाली, आज पन्नासावा दिवस आहे. वाण फुले वसुधा. मी 10 वजा करतो.

द्राक्षबाग_पंढरपूर: द्राक्षालाही आम्ही 10 च धरतो आणि बेरीज छाटणीपासून सुरू करतो. आपणही निश्चिंतपणे 800 पर्यंत थांबावे.

नोंदवही: तसे करू नये. ज्वारीला कोणी 8 धरतात, कोणी 10. आज कमाल 29 आणि किमान 16 असेल, तर सरासरी 22.5 येते आणि 10 वजा जाता दिवसाला 12.5 जमा होतात. शेजाऱ्यांचे 800 याच हिशेबाचे असतील, तर 125 कमी आहेत, म्हणजे दहा दिवस. त्यांनी 8 धरले असेल, तर आपल्या पन्नास दिवसांत 100 वाढून बेरीज 775 होते. मग रोजच्या 14.5 प्रमाणे दोनच दिवस उरतात. नत्राचा दुसरा हप्ता तीस दिवसांऐवजी बेरजेवर द्यायचा असेल, तरी आधी हाच आधार पक्का करावा लागतो.

माणदेशी_रान: शेजाऱ्यांना विचारले. त्यांनी 8 धरले होते, पण त्यांचा वाण मालदांडी होता.

नोंदवही: मग तो आकडा केवळ अंदाजासाठी घ्यावा, कारण वाणागणिक बेरीज बदलते, शिवाय रब्बी ज्वारीच्या फुलोऱ्यावर दिवसाच्या लांबीचाही परिणाम होतो. उद्या रानात चार-पाच ठिकाणी ताटे पाहावीत. शेवटचे पान पूर्ण उलगडून त्याचा देठाकडचा वेष्टनासारखा भाग फुगला असेल, तर पोटरी आली असे समजून पाणी द्यावे आणि त्या दिवसाची बेरीज लिहून ठेवावी. पुढील वर्षी आपल्या रानाला तोच आकडा उपयोगी पडेल.

भीमाकाठ: रान मुरमाड असेल आणि पाने दुपारी वळत असतील, तर पोटरीची वाट पाहणेही मला मान्य नाही.

नोंदवही: हलक्या रानाबाबत मी आपल्याशी सहमत आहे, कारण डिग्री डेमध्ये ओलावा मोजलाच जात नाही. भारी काळ्या जमिनीत मात्र मी थांबेन. माणदेशी, जमीन किती खोल आहे?

माणदेशी_रान: वरचा तुकडा हलका आहे, खालचा भारी. दोन्हींना पुरेल एवढे पाणी नाही.